विमानाच्या आधीचे दहा तास

माझी मावशी आणि काका पहिल्यांदा लेकीकडे न्यूजर्सीला गेले, तेव्हा तिथे पोचल्यावर मावशी दोन दिवस आडवी होती. डोकं ठणकत होतं, तोंडाला कोरड, पोट फुगलेलं. "विमान बाधलं मला," असं तिने फोनवर जाहीर केलं आणि आमच्या घरात ते सगळ्यांना पटलंही. विमानातली हवा फार कोरडी असते, ती अंगातलं पाणी शोषून घेते, हे कुणी ना कुणी कुठे ना कुठे वाचलेलं असतंच.

मला मात्र त्या प्रवासाचा हिशेब मांडून बघावासा वाटला. मावशीला मी तास-तास विचारत गेलो आणि कागदावर लिहीत गेलो.

विमान रात्री सव्वा वाजता मुंबईहून. पुण्यातून गाडी निघाली संध्याकाळी पाचला. निघताना चहा झाला होता. एक्स्प्रेसवेवर काकांनी बटाटेवडा खाल्ला. मावशीने वडा खाल्ला, पण पाणी घेतलं नाही, कारण वाटेतल्या स्वच्छतागृहात जायची तिची तयारी नव्हती. साडेनऊला विमानतळ. बॅगा देणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी यांत साडेअकरा वाजले. पर्समधली पाण्याची सीलबंद बाटली तपासणीत काढून ठेवावी लागली, सोबत कैरीच्या लोणच्याची बरणीही. आत गेल्यावर दुकानातल्या बाटलीची किंमत बघून तिने ती जागच्या जागी ठेवून दिली. काकांनी दोन सँडविच आणि दोन कॉफी घेतल्या. मग विमानात खिडकीची जागा मिळाली, म्हणजे उठायचं तर दोघांना उठवायचं. म्हणून तिथेही पाणी बेतानेच. जेवणाचा ट्रे आला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते.

म्हणजे पाच ते तीन, या दहा तासांत या बाईच्या पोटात गेली ती एक कॉफी आणि घोटभर पाणी. पुढचे पंधरा तासही तिने मोजूनमापूनच पाणी प्यायलं. विमानाने तिचं पाणी शोषलं नव्हतं, तिनेच ते घेतलं नव्हतं.

विमानातली हवा कोरडी असते हे खरंच आहे. आर्द्रता सहसा वीस टक्क्यांच्या खाली असते. पावसाळ्यातल्या मुंबईत ती ऐंशीच्या वर असते, यावरून अंदाज करावा. त्यामुळे डोळे चुरचुरतात, नाक कोरडं पडतं, ओठ फुटतात. पण घशाला कोरड पडणं वेगळं आणि शरीरातलं पाणी घटणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शनात हा भेद स्पष्ट केलेला आहे: कमी आर्द्रतेमुळे त्वचेला, डोळ्यांना त्रास होतो, परंतु त्याने आतून निर्जलीकरण होतं असं दिसून आलेलं नाही, आणि म्हणून नेहमीपेक्षा जास्त पाणी पिण्याची गरज नाही. दर तासाला एक पेला पाणी प्या, असा जो सल्ला सगळीकडे फिरतो, तो सोळा तासांच्या प्रवासात चार लिटरच्या आसपास जातो. एका जागी बसून राहिलेल्या पासष्टीच्या माणसाने एवढं पाणी प्यायचं काही कारण नाही. उतारवयात गरजेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका असतो, तोही लक्षात ठेवायला हवा.

तेव्हा उपाय फार पिण्याचा नाही, नेहमीइतकं पाणी चुकू न देण्याचा आहे. आणि ते चुकतं ते बहुतेक जमिनीवर.

पाण्याची बाटली का काढून घेतात, यावर रांगेत नेहमी वाद ऐकू येतो. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये पेयांच्या बाटल्यांत द्रवरूप स्फोटकं भरून विमानं उडवायचा कट उघडकीला आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातून द्रव नेण्यावर बंदी आली. यातला 'भांडं' हा शब्द महत्त्वाचा. दोनशे मिलिच्या बाटलीच्या तळाशी तीस मिलि गुलाबपाणी उरलं असलं, तरी ती बाटली मोठी म्हणून जाते. आणि द्रव म्हणजे केवळ पाणी नव्हे. जे सांडतं, लिबलिबतं किंवा चमच्याने पसरवता येतं ते सगळं त्यात येतं: दही, तूप, लोणचं, ओली चटणी, मुरांबा. मावशीच्या बरणीत शंभर मिलि तेलच असेल. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली बहुधा तपासून जाऊ देतात, त्यामुळे पुणे-दिल्लीची सवय असलेला माणूस मुंबई-न्यूयॉर्कला फसतो. एडिंबरासारख्या काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रं बसल्यापासून दोन लिटरपर्यंत द्रव चालू लागले आहेत, पण परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर तीच सवलत असेल असं गृहीत धरता येत नाही.

रिकामी बाटली मात्र चालते. प्लॅस्टिकची, स्टीलची, तांब्याची, कुठलीही. रांगेत उभं राहायच्या आधी ती पूर्ण प्यायची किंवा ओतून टाकायची, झाकण उघडून उलटी करायची आणि ट्रेमध्ये वेगळी ठेवायची, म्हणजे बॅग परत मागे बोलावली जात नाही. रांगेच्या तोंडाशी घटाघट पाऊण लिटर पिण्यापेक्षा चेक-इनच्या रांगेत असतानाच ती संपवत आणावी.

आत गेल्यावर पाणी शोधायचं कुठे? मोठ्या विमानतळांवर पिण्याच्या पाण्याचे नळ सहसा प्रसाधनगृहांच्या शेजारीच, त्यांच्या दोन दारांमधल्या भिंतीत असतात. पाण्याचे पाइप तिथूनच गेलेले असतात, एवढं साधं कारण आहे. त्यामुळे दुकानांच्या झगमगाटात ते दिसत नाहीत. पाण्याची पाटी दिसेना, तर प्रसाधनगृहाची पाटी धरून जावं. तिथे दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात तोंड लावून प्यायची कमानीसारखी धार असते. तिच्याखाली उंच बाटली उभी राहत नाही, तिरकी धरावी लागते आणि ती अर्धीच भरते. दुसऱ्यात बाटलीसाठी वेगळा उभा नळ किंवा खाचा असतो. म्हणून रुंद तोंडाची, बुटकी, साधारण ७५० मिलिची बाटली बरी. लिटरची उंच, निमुळती बाटली घरी शोभून दिसते, इथे ती अडून बसते.

बाटली भरायची ती शेवटच्या तपासणीनंतर. हे वाक्य सोपं दिसतं, पण शेवटची तपासणी कुठली हे दर ठिकाणी बदलतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या पहिल्या तीन टर्मिनलांत सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते. आधी भरून ठेवलेलं पाणी तिथे ओतावं लागतं आणि मग आतल्या बसायच्या जागेतल्या नळावर पुन्हा भरता येतं. मध्ये विमान बदलणार असाल, तर त्या विमानतळावर पुन्हा तपासणी होऊ शकते. अमेरिकेच्या थेट विमानांसाठी गेटपाशी आणखी एक तपासणी होऊ शकते आणि तिथे भरलेल्या बाटलीवर हरकत येऊ शकते. अशा वेळी पाणी पोटात नेलेलं बरं. विमानात शिरल्यावर मधल्या जागेत, म्हणजे जिथे कर्मचारी ट्रे लावतात तिथे जाऊन बाटली पुढे केली, तर ते मोठ्या सीलबंद बाटलीतून भरून देतात. फक्त ही विनंती विमान स्थिर झाल्यावर आणि जेवणाच्या गाड्या मार्गात नसताना करावी. स्वच्छतागृहातल्या नळाचं पाणी विमानाच्या टाकीतलं असतं. ते हात धुवायला.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. दांडीची किंवा स्ट्रॉची झडप असलेली बाटली जमिनीवर घट्ट बंद केली आणि वर गेल्यावर उघडली, की पाण्याची पिचकारी अंगावर येते. आत जमिनीवरचा दाब कोंडलेला असतो आणि बाहेर कमी झालेला. आधी झाकण थोडं सैल करून हवा सोडावी, मग दांडी उघडावी.

हाच दाब पोटातही काम करतो. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं, तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. आठ हजार फुटांच्या हिशेबाने बघितलं, तर तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो. दाब तेवढा घटला की कोंडलेला वायू साधारण एक तृतीयांशाने फुगतो. वेफर्सचं पाकीट विमानात उशीसारखं टम्म होतं ते यामुळे, आणि आपल्या आतड्यातला वायूही त्याच नियमाने वागतो. त्यामुळे निघायच्या दिवशी छोले, राजमा, कोबी, वाटाण्याची उसळ आणि बुडबुड्यांची पेयं ही पुढच्या सोळा तासांची तक्रार विकत घेणं आहे. लाउंजमध्ये फुकट मिळतं म्हणून रात्री बारा वाजता छोले-भटुरे हाणून त्यावर सोडा पिणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या शेजारची सीट मला मिळू नये, एवढीच माझी इच्छा असते.

आता पैशांचं. विमानतळावर चहा-सँडविच इतकं महाग का, याचं उत्तर दुकानदाराच्या हावरेपणात शोधलं तर अर्धंच सापडतं. तिथल्या दुकानदाराचं भाडं आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखं ठरत नाही. साधारणपणे विक्रीचा ठरावीक टक्का किंवा किमान हमीची रक्कम, यांत जे जास्त असेल ते विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला द्यावं लागतं. म्हणजे आपल्या कॉफीच्या बिलातला एक वाटा थेट विमानतळाकडे जातो, आणि गिऱ्हाईक कमी आलं तरी हमीची रक्कम चुकत नाही. शिवाय दुधाची प्रत्येक पेटी सुरक्षा तपासणीतून आत येते, कामावरच्या प्रत्येक पोऱ्याला पार्श्वभूमी तपासून पास काढावा लागतो, आणि पहाटे तीनलाही गल्ला उघडा ठेवावा लागतो. या सगळ्यावर आत आलेल्या माणसाला बाहेर जाता येत नाही, हे आहेच.

यातलं भाड्याचं ओझं काढलं, तर किंमत किती उतरते ते कोलकात्यात दिसलं. २१ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला: चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा रुपये, कॉफी आणि सामोसा वीस-वीस रुपये. पुढे चेन्नईतही तसा कॅफे आला. ही सोय आपल्या टर्मिनलमध्ये आहे का, आणि सुरक्षा तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पाहून ठेवावं. कॅफे अलीकडे असेल, तर आत गेल्यावर त्याचा उपयोग नाही.

पाण्याच्या बाटलीबद्दल एक कायदेशीर बारकावा ठाऊक असावा. दुकानातून नुसती बाटली घेतली, तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, आणि २०१८ पासून एकाच मालावर दोन वेगळ्या कमाल किमती छापण्यालाही मनाई आहे. तरी विमानतळाच्या फ्रीजमध्ये वीस रुपयांची नेहमीची बाटली सहसा दिसत नाही. तिथे वेगळ्या, महागड्या ब्रँडच्या बाटल्या ठेवलेल्या असतात आणि त्यांची छापील किंमतच मोठी असते, म्हणजे नियम मोडत नाही. उपाहारगृहात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीचं गणित आणखी निराळं. तिथे जागा आणि सेवाही विकली जाते, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. त्यामुळे बिलावरून हुज्जत घालण्याआधी आपण काउंटरवर उभे आहोत की टेबलाशी बसलो आहोत, ते बघावं.

खाण्यावर तर घरच्या डब्याइतका सरळ उपाय दुसरा नाही. कोरडं अन्न तपासणीतून आत जातं. पुऱ्या, दशम्या, धपाटे, गुळाच्या पोळ्या, भाजलेले शेंगदाणे. दशमी दुधात भिजवलेल्या कणकेची असल्याने दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, प्रवासाला ती उगाच निघालेली नाही. लोणच्याऐवजी शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी न्यावी, तीही चमचा-दोन चमचे. अमेरिकेच्या थेट विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिच्या वर पूड असली, तर ती वेगळी तपासली जाते, आणि तिखटाची भलीमोठी पिशवी उघडून दाखवताना मागची रांग खोळंबते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर हातातही नकोत आणि मोठ्या बॅगेतही नकोत. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे.

दुसऱ्या खेपेला निघताना मावशी फोनवर म्हणाली, "अरे, तुझा तो कागद पाठव." मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात फार काही नव्हतं. दुपारी साडेतीनला साधं जेवण: वरण-भात, दुधी, ताक. पाचला निघण्याआधी एक पेला पाणी. एक्स्प्रेसवेवर सात वाजता थांबून अर्धा पेला पाणी आणि तिथल्या स्वच्छतागृहात जाणं, नाक मुठीत धरून का होईना. नऊ ते दहा, रांगेत असताना बाटलीतलं उरलेलं पाणी संपवणं. साडेअकराला आत गेल्यावर बाटली भरणं, गेटपाशी बसून दोन दशम्या आणि एक पेला पाणी. बोर्डिंगच्या आधी स्वच्छतागृह, मग पुन्हा बाटली भरून घेणं. असं करता करता रात्री बारापर्यंत पोटात साधारण एक लिटर पाणी गेलेलं असतं, ताक धरून थोडं अधिक. विमानात उरलेल्या वेळेत दीड लिटरच्या आसपास, ट्रेबरोबर मिळणाऱ्या पेयांसह, थोडं थोडं. पाणी पुरेसं होतंय का, हे ओळखायला लघवीचा रंग पुरतो. लिंबाच्या सरबतासारखा फिका असेल तर ठीक, हळदीच्या पाण्यासारखा गडद असेल तर कमी पडतंय.

या आराखड्यात काकांसाठी एक ओळ वेगळी होती. त्यांना हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातली आहे आणि ते लघवी होण्याची गोळी घेतात. अशा माणसाला, किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला, वरचे आकडे लागू नाहीत. त्यांनी गोळीची वेळ आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घेतलं. मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनाही पहाटे तीनचं जेवण घ्यायचं की टाळायचं, हे घरूनच ठरवून निघावं लागतं.

त्या पहाटेच्या ट्रेबद्दल मावशीने स्वतःच एक निर्णय घेतला. गेटवर दशम्या झाल्यामुळे तिला भूक नव्हती, तेव्हा तिने ट्रेवरचं फक्त दही आणि फळं घेतली आणि बाकीचं परत दिलं. मुलीने आरक्षणाच्या वेळी शाकाहारी जेवणाचा AVML हा पर्याय निवडून ठेवला होता. तो किमान चोवीस तास आधी नोंदवावा लागतो. असं खास जेवण पुष्कळदा इतरांच्या आधी येतं, हा त्यातला आनुषंगिक फायदा. तिने जागाही बदलून घेतली होती. खिडकी सोडून वाटेच्या कडेची. त्यामुळे पाणी प्यायल्यावर कुणाला उठवायचा संकोच उरला नाही, आणि उठून चालणंही आपोआप झालं. तास न् तास पाय लोंबकळत बसलं, की पायातलं रक्त साकळायचा धोका असतो. त्यावर उठून चालणं हाच उपाय.

उतरायला दोन तास राहिले, तेव्हा तिच्या पर्समध्ये एक सफरचंद उरलं होतं. अमेरिकेत परदेशातून आणलेलं ताजं फळ न सांगता नेलं तर दंड होऊ शकतो, हे कागदाच्या तळाशी लिहिलेलं होतं. काकांनी ते खायला नकार दिला. मग मावशीने ते चावत चावत एकटीनेच संपवलं, बिया टिश्यूत गुंडाळून कर्मचारी मुलीच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, आणि रिकामी बाटली पुन्हा झाकण सैल करून पर्समध्ये ठेवली.